विमान दीड तासात लेहला पोहोचते, शरीराला चौदा दिवस लागतात

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेन हिमनदीवरील सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. चौकीची उंची सुमारे १९,६०० फूट, म्हणजे जवळजवळ सहा हजार मीटर. सहाव्या दिवशी लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांनीही प्राण सोडला. देशभर त्यांचे नाव झाले. त्याच यादीत सातारा जिल्ह्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. मद्रास रेजिमेंटच्या त्या तुकडीत ते नर्सिंग असिस्टंट होते.

दहा माणसांच्या चौकीवर एक नर्सिंग असिस्टंट कशाला, असा प्रश्न पुण्या-साताऱ्यात बसून पडू शकतो. त्याचे उत्तर असे की, एवढ्या उंचीवर रोज उठून जवानांशी लढणारा शत्रू म्हणजे हवाच असते. सियाचेनवर १३ एप्रिल १९८४ पासून भारतीय सैन्य तैनात आहे. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१५ च्या अखेरीपर्यंत तेथे ८६९ जवान आणि अधिकारी दगावले. त्यांतले बहुसंख्य हवामान आणि भूप्रदेशाचे बळी होते. नोव्हेंबर २००३ मध्ये शस्त्रसंधी झाल्यावर तोफा थंडावल्या. मृत्यू मात्र थांबले नाहीत. चौकीवर डॉक्टर नसतो, तो खाली असतो. मधले अंतर नकाशावर थोडे दिसते, पण वादळात ते कापता येत नाही. त्यामुळे पहिले निदान नर्सिंग असिस्टंटलाच करावे लागते.

हवा विरळ असते म्हणजे नेमके काय?

हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण उंचीवर कमी होते, हा समज चुकीचा आहे. पुण्यात २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि सोनमवरही २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलला जातो तो या दाबामुळे. पुण्यात हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७१० मिलिमीटर असतो, लेहला तो ५०० च्या आसपास येतो आणि सहा हजार मीटरवर ३६० च्या घरात. श्वासाबरोबर आत गेलेल्या हवेत ओलावा मिसळतो आणि त्याची जागा वजा केली, की लेहच्या एका श्वासात पुण्याच्या तुलनेत दोन तृतीयांश ऑक्सिजन उरतो. सोनमवर निम्म्यापेक्षाही कमी. कोविडच्या काळात घरोघरी पल्स ऑक्सिमीटर आले आणि ९४ च्या खाली आकडा गेला की धावपळ सुरू होत असे. सोनमवर चांगल्या सरावलेल्या, ठणठणीत जवानाचा आकडाही ८० च्या खाली असू शकतो आणि तो त्या आकड्यासह पहारा देत असतो.

हे शरीराला जमते, पण त्यासाठी वेळ द्यावा लागतो. समजा, साताऱ्याचा चोवीस वर्षांचा एक जवान आहे. भरती होण्याआधी रोज दहा किलोमीटर धावणारा. दिल्लीहून विमान त्याला दीड तासाच्या आत लेहला, साडेअकरा हजार फुटांवर उतरवते. ऑक्सिजन कमी पडताच त्याचा श्वास आपोआप वाढतो. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर फेकला जातो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू उलट हुकूम देतो, की श्वास कमी कर. दिवसा हे भांडण जाणवत नाही. रात्री झोपेत मात्र काही सेकंद श्वास थांबतो, मग जवान दचकून जागा होतो आणि धापा टाकतो. शेजारच्या खाटेवरचा घाबरतो. हा आजार नव्हे. मूत्रपिंडे पुढचे काही दिवस बायकार्बोनेट लघवीवाटे टाकत राहतात, रक्ताची अल्कता उतरते आणि मेंदूचा अडसर दूर होतो. मग श्वास मोकळेपणाने वाढतो. या कामाला दिवस लागतात, आणि ते व्यायामाने, निर्धाराने वा गोळीने एका रात्रीत उरकत नाही. अॅसिटाझोलामाइड नावाची गोळी मूत्रपिंडाचे हे काम थोडे लवकर करवते, इतकेच.

म्हणून लष्कराने उंचीवर जाण्याचे वेळापत्रक आखले आहे. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस. त्यांतले पहिले दोन दिवस फक्त विश्रांती, पुढचे दोन दिवस सपाटीवर सावकाश चालणे आणि शेवटच्या दोन दिवसांत थोडी चढण. मग बारा ते पंधरा हजार फुटांवर चार दिवस आणि त्यावर जायचे असेल तर आणखी चार दिवस. एकूण चौदा. यातला सर्वांत अवघड भाग पहिले दोन दिवस हाच आहे. तगड्या तरुणाला नुसते पडून राहायला सांगणे सोपे नसते. जो स्वतःला सर्वांत तंदुरुस्त समजतो तोच पहिल्या दिवशी बॅगा उचलायला पुढे होतो. मैदानावरचा धावण्याचा सराव उंचीच्या आजारापासून वाचवत नाही.

हे वेळापत्रक पुस्तकातून आलेले नाही. १९६२ च्या युद्धात आणि त्यानंतर मैदानी भागातून हजारो जवान थेट अकरा ते अठरा हजार फुटांवर पाठवावे लागले. खोकत, धापा टाकत ते रुग्णालयात येत. पूर्वी अशा रुग्णांना न्यूमोनिया समजले जाई. अमेरिकी डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये हा न्यूमोनिया नसून फुप्फुसात साचलेले पाणी आहे, हे मांडले होते. पण हा आजार मोठ्या संख्येने पाहण्याची दुर्दैवी संधी भारतीय लष्करी डॉक्टरांना मिळाली. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये शेकडो रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६९ मध्ये त्यांनी १,९२५ जवानांमधल्या पर्वतीय आजाराची नोंद ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडली. जगातल्या गिर्यारोहणाच्या वैद्यकीय पुस्तकांत आजही या दोन लेखांचा आधार घेतला जातो.

तिसरी रात्र

वरच्या जवानाकडे परत येऊ. समजा, त्याचे वेळापत्रक घाईत कापले गेले. किंवा त्याने सर्दी लपवली. किंवा तिसऱ्या दिवशी थंडीत ओझे वाहिले. आजार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री सुरू होतो, आणि सुरुवात फारच साधी असते. चालताना तो इतरांच्या मागे पडतो. कोरडा खोकला येतो. डोके दुखते, जेवण नको वाटते. ही तक्रार वरच्या हवेत जवळपास सगळ्यांचीच असते, म्हणून ती ऐकून सोडून दिली जाते.

आत काय घडते ते असे. फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा कमी पोहोचत असेल, तर तेथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या कोपऱ्याकडे वळते. मैदानात ही सोय उपयोगी आहे. उंचीवर सगळ्याच फुप्फुसात ऑक्सिजन कमी, म्हणून सगळीकडच्या वाहिन्या आकसतात, पण सारख्या नाहीत. जिथे कमी आकसतात तिथे सगळ्या रक्ताचा लोंढा येतो, बारीक केशवाहिन्यांवर दाब वाढतो, त्यांच्या भिंती गळू लागतात आणि हवेच्या पिशव्यांत पाणी येते. थंडी आणि श्रम दोन्ही हा दाब आणखी वाढवतात. याला लष्करात ‘हापो’ म्हणतात.

नर्सिंग असिस्टंटने पाहायचे ते एकच मुख्य लक्षण, बसल्या जागी धाप. चढताना सगळेच धापतात. पण स्लीपिंग बॅगमध्ये बसलेला माणूस वाक्य पूर्ण करण्याआधी थांबत असेल, तर ते हापो समजायचे. छातीला कान लावला तर बारीक बुडबुड्यांचा आवाज येतो, अनेकदा आधी उजव्या बाजूला. ओठ निळसर. गुलाबी फेस ही फार उशिराची खूण आहे. तिची वाट पाहिली तर वेळ गेलेली असते. पल्स ऑक्सिमीटरचा आकडा आपल्या साथीदारांपेक्षा बराच कमी दिसतो. इथे एक अडचण आहे. गारठलेल्या बोटात रक्तच फिरत नसल्याने यंत्र भलताच आकडा दाखवते किंवा काहीच दाखवत नाही. आधी बोट उबदार करावे लागते.

याच्याच शेजारी दुसरा आजार असतो, मेंदूला येणारी सूज. त्याची परीक्षा सोपी आहे. पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगायचे. जो झोकांडी खातो, तो दारू प्यायलेला नसेल तर त्याचा मेंदू सुजलेला आहे असे धरून डेक्सामेथासोनचे इंजेक्शन द्यायचे आणि त्याला खाली न्यायचे.

हापोवरचा उपचारही हाच आहे, खाली नेणे. हजार मीटर खाली उतरवले तरी चित्र पालटते. दुसरा उपचार ऑक्सिजन. रक्तदाबावरची जुनी गोळी निफेडिपिन फुप्फुसातला दाब उतरवते आणि ऑक्सिजन नसताना उपयोगी पडते. तिसरी सोय म्हणजे हापो बॅग. माणूस आत झोपेल अशी हवाबंद पिशवी. तिच्यात पायाच्या पंपाने हवा भरली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा पाऱ्याच्या सुमारे शंभर मिलिमीटरने वाढतो. सहा हजार मीटरवरचा रुग्ण या पिशवीत चार हजार मीटरवर आल्यासारखा होतो. तासाभरात चेहऱ्यावर रंग येतो. पण पंप थांबवता येत नाही, कारण थांबवला तर आतला कार्बन डायऑक्साइड साचतो. आणि पंप मारणारा माणूसही त्याच सहा हजार मीटरवर असतो. काही मिनिटांतच तो धापू लागतो आणि दुसऱ्याला उभे राहावे लागते. बाहेर काढल्यावर काही तासांत रुग्ण पुन्हा ढासळू शकतो. म्हणजे पिशवी वेळ काढून देते, बरे करत नाही. तो काढलेला वेळ हेलिकॉप्टरसाठी असतो.

हेलिकॉप्टरलाही धाप लागते

इथेच शरीराचा आणि रसदीचा प्रश्न एकत्र येतो. ज्या हवेत जवानाचे फुप्फुस अपुरे पडते, त्याच हवेवर हेलिकॉप्टरच्या पात्यांना उचल मिळवायची असते. सहा हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडीच जास्त असते. पाते ढकलायला हवा कमी, आणि इंजिनला जाळायलाही हवा कमी. भारतीय लष्कराने अनेक दशके या कामासाठी चीता हे छोटे हेलिकॉप्टर वापरले. मैदानात चांगले ओझे नेणारे हे यंत्र सर्वांत उंच चौक्यांवर रॉकेलच्या थोड्या कॅनांपुरते उरते. वैमानिक परतीपुरते इंधन मोजून घेतात, कारण जास्तीचे प्रत्येक लिटर म्हणजे तेवढे कमी सामान. उतरल्यावर इंजिन बंद करत नाहीत, कारण त्या थंडीत आणि विरळ हवेत ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते. पहाटेची हवा थंड म्हणून थोडी दाट आणि वारा शांत असतो. त्यामुळे फेऱ्या सकाळी होतात. रात्री हापो झालेल्या जवानाला उजाडेपर्यंत आणि वादळ असेल तर ते ओसरेपर्यंत थांबावे लागते. तोवर पिशवी, सिलिंडर आणि साथीदारांचे पाय. सोनमला गाडले गेलेले जवान शोधायला बर्फ कापायची यंत्रे आणि रडार लागले, तेही असेच तुकड्या-तुकड्यांनी वर पोहोचवावे लागले.

विरळ हवेने सैन्याला एक गोष्ट मात्र फुकट दिली. तोफगोळ्याला अडवणारी हवा कमी, त्यामुळे तो दूर जातो. १९९९ च्या कारगिल युद्धात बोफोर्स तोफांचा पल्ला मैदानापेक्षा बराच वाढलेला दिसला. पण ही देणगी हिशेबासह येते. मैदानासाठी केलेली पल्ल्याची कोष्टके तिथे चालत नाहीत, ती नव्याने काढावी लागतात. पुण्यात पाषाणच्या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘पिनाका’ अग्निबाण यंत्रणाही त्या युद्धात पहिल्यांदा डोंगरात वापरली गेली. तिच्यापुढेही हाच प्रश्न होता.

वाहनांचा प्रश्न वेगळा. साधे डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखे घट्ट होते आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहील असे हिवाळी डिझेल आणले. त्याआधी टाकीखाली शेकोटी पेटवणे किंवा डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे हेच उपाय होते. रस्त्याचे सांगायचे तर झोजी ला आणि मनालीकडचे घाट हिवाळ्यात बर्फाने बंद होतात. म्हणून धान्य, इंधन, दारूगोळा हे सगळे उन्हाळ्यातच वर साठवावे लागते. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला, जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा. झोजी लाखालचा मोठा बोगदा पूर्ण झाला की लेहपर्यंतचा प्रश्न बराच सुटेल. लेहच्या पुढे, हिमनदीवर, मात्र बोगदा नाही.

एका लिटर रॉकेलचा हिशेब

हिमनदीवर बसलेल्या माणसाच्या पायाखाली गोड्या पाण्याचा अमर्याद साठा असतो आणि तरी तो तहानलेला असतो. बर्फ वितळवायला लागते उष्णता. उणे तीस अंशांचा एक किलो बर्फ शून्यावर आणून, वितळवून, पिण्याजोगा करायला सुमारे ४८० किलोज्यूल लागतात. एका लिटर रॉकेलमध्ये उष्णता भरपूर असते, पण त्या हवेत स्टोव्ह नीट जळत नाही आणि उष्णतेचा मोठा भाग तंबूत व वाऱ्यात जातो. तिसरा हिस्सा भांड्यात पोहोचला असे धरले तर लिटरमागे पंचवीस लिटरच्या आसपास पाणी मिळते. दहा माणसांना प्रत्येकी पाच लिटर म्हणजे रोज दोन लिटर रॉकेल केवळ पिण्याच्या पाण्यासाठी. स्वयंपाक आणि ऊब वेगळी. हे रॉकेल कुठून येते? त्याच हेलिकॉप्टरने, त्याच कॅनमध्ये. हवामानामुळे आठवडाभर फेऱ्या बंद राहिल्या की जवान आधी पाणी कमी पितात. कोरड्या थंड हवेत धापताना प्रत्येक श्वासाबरोबर पाणी जात असते. वरच्या हवेने हिमोग्लोबिन आधीच वाढवलेले, त्यात पाणी कमी, म्हणून रक्त घट्ट होते आणि तरुण माणसाच्या पायाच्या, कधी मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होते. रॉकेलची फेरी हुकण्याचा आणि गुठळीचा संबंध असा आहे.

पाणी उकळले तरी ते तापत नाही, हाही एक चमत्कार. सहा हजार मीटरवर पाणी ऐंशी अंशांच्या आसपास उकळते. त्यात डाळ तासन्‌तास ठेवली तरी कच्ची राहते. प्रेशर कुकर ही तिथे चैन नव्हे. कुकरमध्ये दाब वाढून तापमान शंभरच्या वर जाते आणि मग वरण होते.

रॉकेलचा आणखी एक धोका डॉक्टरांनाही फसवतो. थंडीमुळे झडप बंद केलेल्या लहानशा निवाऱ्यात स्टोव्ह किंवा बुखारी अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याची लक्षणे डोकेदुखी, मळमळ, गुंगी. उंचीच्या आजाराचीही तीच. पल्स ऑक्सिमीटर इथे उघड खोटे बोलतो, कारण मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला ऑक्सिजन भरलेले वाटते. ओळखायची खूण आकड्यात नसते. एकाच निवाऱ्यातले तीन-चार जण एकाच सकाळी डोके धरून बसले आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर सुधारले, तर दोष उंचीचा नसून बुखारीचा आहे.

ताटातले आणि पायातले

भूक ही उंचीवर हरवणारी पहिली गोष्ट. वास्तविक तिथे अन्न जास्त लागते, कारण धापणे आणि कुडकुडणे ही दोन्ही कामे अंगातली साखर जाळतात. ती संपली की माणूस कुडकुडायचा थांबतो, आणि ती सुधारणा नव्हे, तर शरीर गोठण्याची सुरुवात असते. म्हणून जवानांना सुका मेवा, चॉकलेट असा खास शिधा ठरवून दिलेला आहे. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा जो अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडला गेला, त्यात या शिध्याबद्दल एक गंभीर निरीक्षण होते. एखादी वस्तू नसेल तर बदली वस्तू वजनाने वा कॅलरीने नव्हे, तर किमतीने मोजून दिली जात होती. महाग वस्तू बदली आली की ताटात तेवढ्याच रुपयांची, म्हणजे थोडीशीच पडे. यामुळे काही ठिकाणी कॅलरी ८२ टक्क्यांपर्यंत घटल्या. त्याच अहवालात बर्फातल्या चष्म्यांची टंचाई आणि वापरलेले बूट पुन्हा वापरात आणल्याची नोंद होती. हा अहवाल जुन्या काळातला असून आता तयारी पूर्ण आहे, असे लष्कराने सांगितले. ते खरे असेलही. पण किमतीने मोजण्याचा नियम ज्याने केला, त्याने बहुधा शिधा कागदावर पाहिला होता, चौकीवर नाही.

जुना बूट ही किरकोळ बाब वाटते. बुटाच्या आतला अस्तराचा थर हवा धरून ठेवतो, तीच ऊब. वापराने तो थर दबतो. चालताना पाय घामेजतो, पहाऱ्याला उभे राहिले की तोच घाम गोठतो. बोटे आधी दुखतात, मग दुखायची थांबतात. जवान तेव्हा सुटलो म्हणतो, आणि नेमका तेव्हाच हिमदंश सुरू झालेला असतो. उपचार म्हणजे ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात पाय बुडवणे. बर्फ चोळणे हा जुना आणि घातक उपाय. यात एक अवघड निर्णय असतो. पाय पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, म्हणजे अजून चालत खाली जायचे असेल, तर तो वितळवायचा नाही. वितळून पुन्हा गोठलेला पाय जवळजवळ हमखास जातो. गोठलेल्या पायावर माणूस चालू शकतो, वितळलेल्या पायावर नाही. काळी पडलेली बोटे लगेच कापायची नसतात, कारण जिवंत आणि मृत मांसाची रेषा स्पष्ट व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. ती रेषा पुण्यात बऱ्याच जवानांच्या नशिबी येते. वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून चालू आहे. सुरुंगाने आणि अपघाताने पाय गमावलेल्यांबरोबर हिमदंशाचे जवानही तिथे येतात आणि नव्या पायावर तोल सांभाळायला शिकतात.

बंदुकीचे लोखंड उघड्या हाताला चिकटते. हातमोजा घालून घोडा ओढता येत नाही आणि काढला तर काही मिनिटांत बोटे बधिर. सियाचेनवर हातमोजा किती वेळ काढायचा, हा दर पहाऱ्याला पडणारा प्रश्न आहे.

१५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात चकमक झाली. दुसऱ्या दिवशीच्या लष्कराच्या निवेदनात म्हटले होते, की गंभीर जखमी झालेले १७ जवान उंचीवरच्या शून्याखालच्या तापमानात राहिले आणि दगावले. जून महिना होता. गार पडलेल्या शरीरात रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, म्हणून मैदानात वाचली असती अशी जखम तिथे वाहत राहते. त्यानंतर काही आठवड्यांत हजारो जवान विमानांनी लडाखमध्ये नेले गेले. विमानांची ताकद मोठी होती, पण त्यांतल्या प्रत्येकाला पुढच्या चौकीवर जाण्याआधी लेहच्या आसपास थांबवावेच लागले. तिथे उपलब्ध माणसे आणि तयार माणसे हे दोन वेगवेगळे आकडे असतात.

ऑक्सिजन निर्माण करणारा प्रकल्प तळाच्या रुग्णालयात असणे किती मोलाचे, हे वरच्या सगळ्यावरून कळते. सिलिंडर जड असतो, रिकामा झाला की तो खाली पाठवून भरून आणावा लागतो. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे यंत्र जागेवर असले तर वाहतुकीचा हा भार जातो. पुण्याच्या सुमेधा आणि योगेश चिथडे या दाम्पत्याने दागिने विकून सुरुवात केली, लोकांकडून निधी उभा केला आणि २०१९ मध्ये सियाचेनच्या जवानांसाठीच्या रुग्णालयात असा प्रकल्प उभा राहिला. त्याची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. तो तळावर आहे. चौकीवरून तिथपर्यंत माणूस आला तर तो वाचतो.

सियाचेनच्या सर्वांत उंच चौक्यांवर जवानाला साधारण तीन महिन्यांहून जास्त ठेवत नाहीत. यामागेही अनुभव आहे. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये भारतीय डॉक्टरांनी २१ जवानांची हकिकत मांडली. ५,८०० मीटरच्या वर काही आठवडे राहिल्यावर त्यांचे पाय सुजले, पोटात पाणी झाले, हृदयाची उजवी बाजू फुगली. खाली आणल्यावर काही दिवसांत ते बरे झाले. औषधाने जे साधले नसते ते दाबाने साधले.

असा जवान महिन्याच्या सुटीवर गावी येतो. साताऱ्याचा, बुलढाण्याचा, कोल्हापूरचा. एखाद्याची पोटरी सुजलेली असते आणि गावातला डॉक्टर प्रवासाने झाले असेल म्हणतो. ती गुठळी असू शकते, म्हणून शेवटची नेमणूक किती उंचीवर होती हे विचारून सोनोग्राफी करून घ्यावी. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन १८-१९ आले तर आजार शोधत बसायचे कारण नाही, काही आठवड्यांत ते उतरते. आणि ते उतरते म्हणूनच चार आठवड्यांहून जास्त मैदानात राहिलेला जवान परत लेहला उतरला की नवख्यासारखा पहिल्या दिवसापासून सुरू करतो. दोन दिवस खाटेवर, मग सपाटीवर सावकाश चालणे.